चौतीस शब्दांचं आगळ

‘ताई, सोलकढी घरी करता? हे आगळ. रातांबा नि मीठ, तिसरं काही नाही. पेलाभर नारळाच्या दुधात दोन चमचे, वरून मीठ घालू नका. हात पुढे करा. मे महिन्यात काढलेलं, पुढल्या मेपर्यंत राहतं. लहान बाटली नेऊन बघा.’

एवढंच. शब्द चौतीस, ‘हात पुढे करा’नंतर तीनेक सेकंदांचा एक विराम, आणि सगळं मिळून पंधरा सेकंद. बोलणाऱ्या बाई सिंधुदुर्गातल्या. स्वतःच्या आवारातली रातांब्याची झाडं, घरच्या घरी चालणारा आगळ-सोलांचा व्यवसाय, आणि हिवाळ्यात मुंबईला ‘महालक्ष्मी सरस’मध्ये एक स्टॉल. राज्याच्या ‘उमेद’ अभियानाचं हे प्रदर्शन वांद्रे-कुर्ला संकुलातल्या मैदानावर भरतं आणि गावोगावच्या बचत गटांच्या बायका तिथे आपला माल घेऊन येतात. बाईंच्या शेजारच्या स्टॉलवर पापड निवडायच्या निमित्ताने मी बराच वेळ उभा होतो. त्यांचं बोलणं पुन्हा पुन्हा कानावर पडत गेलं, आणि प्रत्येक खेपेला त्यातली नवी जागा लक्षात येत गेली. मोठ्या गवयाची एखादी बंदिश जितक्या लक्षपूर्वक ऐकावी तितक्याच लक्षपूर्वक ऐकावं असं हे बोलणं आहे. म्हणून ते इथे ओळीओळीने वाचायचं आहे.

आधी या रचनेला मिळालेली जागा पाहू. प्रदर्शनातल्या स्टॉलचं तोंड साधारण दहा फुटांचं असतं. गर्दीत रमतगमत चालणारा माणूस दहा फूट चार-पाच सेकंदांत ओलांडतो. म्हणजे पंधरा सेकंद बोलायची मुभा कुणालाच आयती मिळालेली नसते. पहिल्या चार-पाच सेकंदांत माणूस थांबला, तरच उरलेली दहा आपली. आजूबाजूच्या बहुतेक स्टॉलांवर ही पहिली सेकंदं ‘नमस्कार, आम्ही अमुक गावच्या तमुक महिला बचत गटाच्या’ यातच संपतात. गटाचं नाव पुरं होईपर्यंत ऐकणारा पुढच्या स्टॉलसमोर पोचलेला असतो. जे सांगितलं जातं ते खरं असतं, अभिमानाचंही असतं; पण चालणाऱ्या माणसाला त्या क्षणी त्यात धरून ठेवण्यासारखं काही सापडत नाही.

बाईंचं पहिलं वाक्य ऐका: ‘ताई, सोलकढी घरी करता?’ यात त्या स्वतः कुठेच नाहीत, त्यांचा मालही नाही. आहे ते समोरचीचं स्वयंपाकघर. आणि हे वाक्य त्या ओरडून म्हणत नाहीत. माणूस स्टॉलच्या अलीकडच्या कोपऱ्याला आला, हाताच्या अंतरावर आला, की मग बोलतात, शेजारीण शेजारणीला विचारते त्या आवाजात. मैदानावर ध्वनिक्षेपकाची घोषणा चालू असेल तर ती संपेपर्यंत गप्प राहतात. तेवढ्यात समोरून दोघंतिघं निघून गेली तरी चालेल. ‘ताई’ हेही विचारपूर्वक आलेलं आहे. बाई स्वतः पन्नाशी ओलांडलेल्या. समोरची चाळिशीची असली काय नि पंचविशीची काय, ‘काकू’ म्हणून तिचं वय त्या ठरवत नाहीत. पुरुषाला ‘दादा’. ‘काका’ आणि ‘आजी’ ही संबोधनं फक्त जिथे पांढऱ्या केसांनी शंकाच ठेवलेली नाही तिथे.

पण या प्रश्नातली खरी कारागिरी ऋतूशी निगडित आहे. कोकमाचं नाव काढलं की मुंबईकराच्या डोळ्यांपुढे उन्हाळा येतो, माठातलं पाणी येतं, घामाघूम दुपारी प्यायलेलं सरबत येतं. प्रदर्शन मात्र हिवाळ्यातलं. संध्याकाळी मैदानावर वारा सुटलेला, अंगात स्वेटर घातलेल्या माणसाला ‘थंडगार कोकम सरबत घ्या’ म्हणून कोण थांबवणार? दोन स्टॉल सोडून एक गृहस्थ नेमकं तेच म्हणत होते आणि लोक मान हलवून पुढे जात होते. बाईंनी तहान बाजूला ठेवली आणि जेवणाचं ताट पुढे आणलं. सोलकढीला ऋतू नाही. माशाच्या कालवणाबरोबर, मटणाबरोबर, नुसत्या भातावर ती बाराही महिने चालते. शिवाय हल्ली मुंबईत मालवणी खाणावळींमुळे सोलकढी सगळ्यांना माहीत झाली आहे, पण घरी करणारे थोडे. त्यामुळे प्रश्नाचं उत्तर ‘हो’ आलं तरी पुढचं वाक्य चपखल बसतं, ‘नाही’ आलं तरी बसतं. ऐकणाऱ्याला पेचात न पकडता थांबवणारा प्रश्न सुचणं ही साधी गोष्ट नाही. या बाईंना तो चार शब्दांत साधला आहे.

‘हे आगळ.’ दोन शब्द, आणि त्याच वेळी बाटली उचलून समोरचीच्या छातीच्या उंचीवर धरलेली. इथे त्या ‘कोकम’ म्हणत नाहीत, कारण कोकम म्हटलं की साखरेच्या पाकाची बाटली समजली जाते. रातांब्याच्या वाट्यांत साखर भरून जो गोड अर्क उतरवतात ते अमृत कोकम, सरबताचं. सालीला रसाची पुटं देऊन उन्हात सुकवतात ती सोलं, म्हणजेच आमसुलं, आमटीत टाकायची. आगळ या दोहोंपेक्षा वेगळं: बिनसाखरेचं, खारट-आंबट, दाट, पातळ केल्याशिवाय न पिण्याजोगं. हा सगळा फरक समजावून सांगायला मिनिटभर लागेल. बाई तो सांगतच नाहीत. आधीच्या वाक्यात सोलकढी येऊन गेली आहे, तेव्हा हे त्या कढीत पडणारं काहीतरी आहे एवढं ऐकणाऱ्याला आपोआप कळतं. वस्तूची व्याख्या तिच्या वापरात लपवून ठेवायची, आणि तीही वस्तूचं नाव घेण्यापूर्वीच, ही हुशारी मला फार आवडली.

आता या रचनेचा गाभा: ‘रातांबा नि मीठ, तिसरं काही नाही.’

सगळ्या बाजारात ‘शुद्ध’, ‘नैसर्गिक’, ‘घरगुती’, ‘अस्सल’ या विशेषणांचा पाऊस पडत असतो. बाईंच्या वाक्यात एकही विशेषण नाही. दोन नामं आहेत आणि एक नकार. शुद्ध म्हटलं की ते मानावं लागतं. दोनच घटकांची नावं सांगितली की ती मोजता येतात, लेबलवर पडताळता येतात. आणि ‘तिसरं काही नाही’ म्हणताना बाई दोन बोटं दाखवतात, तिसरं बोट मिटलेलंच राहतं. त्या मिटलेल्या बोटाखाली किती गोष्टी गेल्या पाहा: साखर गेली, खायचा रंग गेला, टिकवण्याचं रसायन गेलं, पाणीसुद्धा गेलं. एकाचंही नाव न घेता. कारण ‘आमच्यात रंग नाही’ असं म्हटलं असतं तर ऐकणारीच्या मनात रंगाची शंका त्यांनीच पेरली असती.

हे दोन घटक खरोखर पुरतात का, हे समजून घेतल्याशिवाय या वाक्याचं वजन कळत नाही. पिकून लालभडक-जांभळे झालेले रातांबे धुऊन पुसून फोडायचे, बिया काढायच्या. साली बरणीत थराथराने भरायच्या, प्रत्येक थरावर सढळ हाताने मीठ. मग आठवडाभर रोज लाकडी पळीने खालवर करायचं. मीठ सालीतलं पाणी ओढून बाहेर काढतं, त्या पाण्याबरोबर आंबटपणा येतो, रंग येतो, आणि बरणीत साली आपल्याच रसात बुडून जातात. तो रस गाळला की झालं आगळ. चूल पेटवायची नाही, पाण्याचा थेंब घालायचा नाही. त्या बरणीत मीठ तीन कामं करतं: रस काढतं, रस टिकवतं, आणि शेवटी चव होऊन उरतं. मीठ कमी पडलं तर चार-सहा आठवड्यांतच कळतं. झाकण उघडताना फुस्स आवाज होतो, वर फेस धरतो, कधी पांढरी साय येते, ताडीसारखा वास सुटतो. रस आंबायला लागलेला असतो. मीठ अती झालं तर रस टिकतो, पण कढीत आंबटपणाआधी खारटपणाच बोलतो. या दोन टोकांच्या मधली जागा बाईंच्या हाताला ठाऊक आहे, आणि ‘रातांबा नि मीठ’ या तीन शब्दांमागे तो हात आहे.

या वाक्याचं नादाच्या अंगानेही कौतुक करायला हवं. ‘आणि’ नाही, ‘नि’. रातांबा हा तीन अक्षरांचा, मधे अनुस्वारावर जरा थबकणारा शब्द; मग झटकन ‘नि मीठ’; मग स्वल्पविराम; मग सावकाश ‘तिसरं काही नाही’. आधी भरभर दिलं, मग हात झाडून दाखवले. ठरवून लिहायला बसलं तर असं वाक्य सहजी येत नाही. रोज शेकड्याने माणसांना तेच सांगताना शब्द घासून घासून या घाटाला येतात. नदीतल्या गोट्याचा गुळगुळीतपणा त्याला आलेला आहे.

‘पेलाभर नारळाच्या दुधात दोन चमचे, वरून मीठ घालू नका.’ इथे एक धोका होता. चमचा म्हणजे कोणता? चहाचा की पोह्यांचा? आगळाच्या बाबतीत ही बारीकसारीक शंका नव्हे. मोठ्या चमच्याने दोनदा घातलं तर कढी खारट होऊन फुकट जाते. बाई हा खुलासा शब्दांत करत नाहीत. ‘दोन चमचे’ म्हणताना डाव्या हातात स्टीलचा छोटा, चहाचा चमचा वर येतो, आणि तो टेबलावरच्या रिकाम्या पेल्यावर दोनदा कलंडतो. पेलाही ठरावीक: घराघरांत असतो तो पाणी प्यायचा. अशा रीतीने चमच्याचं आणि पेल्याचं माप डोळ्यांनी सांगितलं जातं आणि तोंड मोकळं राहतं पुढच्या, जास्त महत्त्वाच्या अर्ध्या वाक्यासाठी.

ते अर्धं वाक्य म्हणजे ‘वरून मीठ घालू नका’. विकणारा माणूस सहसा ‘हे करा, ते करा’ सांगतो. नकार सांगणारा विकणारा विरळा, आणि नकारावर लोक चटकन विश्वास ठेवतात, कारण त्यात चुकलेल्या कढीचा अनुभव असतो. हे वाक्य ऐकताना समोरच्या बाईच्या चेहऱ्यावर एक बदल होतो, तो मी मुद्दाम पाहत होतो. इतका वेळ ती गिऱ्हाईक असते. इथे ती मनातल्या मनात ओट्याशी उभी राहते, मिठाचा डबा उचलते आणि परत ठेवते. आणि पाहा, मीठ या रचनेत दुसऱ्यांदा आलं आहे. पहिल्यांदा घटक म्हणून, आता सूचना म्हणून. पहिल्या वाक्यात जे सांगितलं त्याचा परिणाम दुसऱ्यात. चौतीस शब्दांच्या मजकुरात एक शब्द दोनदा खर्च करायची चैन परवडत नाही. इथे तो दोनदा येऊन दुप्पट काम करतो.

तिसऱ्यांदा मीठ येतं ते जिभेवर. ‘हात पुढे करा.’ बाई चमचा पुढे करत नाहीत, कागदी कप देत नाहीत. टोपणाला बारीक भोक पाडलेली एक लहानशी बाटली आहे, तिच्यातून उजव्या तळहाताच्या खळग्यात एकच थेंब पडतो. देवळात तीर्थ घ्यायला हात जसा आपसूक वाकतो तसा इथे वाकतो. कुणालाही शिकवावं लागत नाही. या एका हालचालीत बाईंनी काय काय मिळवलं ते मोजण्यासारखं आहे. तळहात ओला झाला की फोन हातात घेता येत नाही, पिशवी सावरता येत नाही, पुढे चालू लागता येत नाही. थेंब चाटेपर्यंत माणूस तिथेच. कचरा नाही, उष्टा चमचा नाही. आणि प्रमाण बिघडायची सोयच नाही. आगळ चमचाभर तोंडात गेलं तर दात आंबतील. थेंबभर गेलं तर जीभ जागी होते.

त्यानंतर बाई गप्प बसतात. या शांततेसाठी मी त्यांना सगळ्यात जास्त दाद देईन. आधी आंबट लागतं, गालाच्या आतल्या बाजूला, खोलवर. मग खारटपणा पुढे येतो. मग मागे जरासा तुरटपणा उरतो. या सगळ्याला तीनेक सेकंद लागतात आणि तेवढा वेळ बाई समोरचीच्या तोंडाकडे शांतपणे बघत राहतात. खारटपणा जिभेवर आला की ‘वरून मीठ घालू नका’ हे वाक्य खरं ठरतं. त्यांनी दावा आधी केला, पुरावा मागून दिला, आणि पुरावा काम करत असताना मधे बोलल्या नाहीत. दुसऱ्या कुणालाही इथे ‘कसं वाटलं? छान आहे ना?’ विचारण्याचा मोह झाला असता. तसं विचारलं की माणूस चव सोडून सभ्यपणाचं उत्तर शोधायला लागतो.

क्रम किती नेमका आहे हे मला त्याच स्टॉलवर, त्यांच्या सुनेमुळे कळलं. सासूबाई जेवायला गेल्या की सून उभी राहायची. मुलगी चटपटीत, आवाज गोड, शब्द तेच. पण ती थेंब आधी द्यायची: ‘ताई, हात पुढे करा, आगळ आहे.’ थेंब जिभेवर गेला की चेहरे आक्रसायचे, ‘बाप रे, किती आंबट!’ म्हणत लोक हसायचे आणि हात पुसत पुढे जायचे. सोलकढीचा उल्लेख आधी झालेला नव्हता, दोन चमचे आणि पेलाभर हे माप कानावर पडलेलं नव्हतं, त्यामुळे त्या थेंबाला उभं राहायला जागाच नव्हती. सासूबाईंचा थेंब जिभेवर जातो तेव्हा मनात पेलाभर नारळाचं दूध आधीच तयार असतं. आंबटपणा त्या दुधात मिसळूनच कळतो. तोच थेंब, तेच शब्द, फक्त जागा बदललेली.

‘मे महिन्यात काढलेलं, पुढल्या मेपर्यंत राहतं.’ इतर जण ‘एक वर्ष टिकतं’ म्हणाले असते. बाई महिन्याचं नाव घेतात आणि त्या नावाने एक अख्खा हंगाम समोर उभा राहतो. रातांबे पिकतात एप्रिल-मेमध्ये. पाऊस दाराशी येऊन ठेपलेला असतो. वळवाच्या सरी लवकर आल्या तर झाडावरची फळं गळतात, कुजतात, अंगणात वाळत घातलेली सोलं बुरसतात. थोड्या आठवड्यांत वर्षाची बेगमी करायची, अशी ती घाई. हे काहीच बाई बोलत नाहीत, पण ‘मे’ ऐकल्यावर कोकणाशी ज्याचा थोडा तरी संबंध आहे त्याला ते ऐकू येतं. ज्याचा संबंध नाही त्याला दोन तारखा मिळतात, आणि तारीख सांगणारा माणूस हिशेबाचा पक्का वाटतो.

या वाक्याला बाटलीतला रंगही साक्ष देतो. रातांब्याचा लाल रंग ज्या अँथोसायनिन द्रव्यांचा आहे ती उजेडात नि काळाबरोबर फिकी होत जातात, तपकिरीकडे झुकतात. मेमध्ये काढलेलं आगळ ताजेपणी माणकासारखं असतं. आठ महिन्यांनी ते गडद, किंचित विटकरी दिसतं. बाईंच्या बाटल्या तशाच होत्या, आणि त्यांनी त्या दिव्याच्या झोतापासून दूर, टेबलाच्या मागच्या सावलीत मांडल्या होत्या. समोर फक्त एक. दुसऱ्या एका टेबलावर जानेवारीतही चकचकीत गुलाबी-लाल दिसणारी ओळच्या ओळ मांडली होती आणि गर्दीची नजर आधी तिकडे जात होती. पण मेमध्ये काढलेल्या आगळाचा रंग हिवाळ्यात इतका तरुण राहत नाही. बाईंचा मे महिना आणि बाईंचा विटकरी रंग एकमेकांशी जुळत होते. बोलणं आणि वस्तू यांच्यात कुठेही फट न सापडणं, याचा आनंद फार मोठा असतो.

‘लहान बाटली नेऊन बघा.’ शेवटी मागणी, आणि तीही सगळ्यात छोट्या बाटलीची. टेबलावर मोठ्या बाटल्या आहेत, सोलांची पाचशे ग्रॅमची पाकिटं आहेत, मुठेलाचे गोळे आहेत. त्यांपैकी कशाचंही नाव त्या घेत नाहीत. एका बोलण्यात एकच वस्तू. ‘घ्या’ नाही, ‘नेऊन बघा’; म्हणजे निर्णय आज इथे नव्हे, तुमच्या घरी, पहिल्या कढीला. किंमत तोंडाने सांगायची नाही, बाटलीच्या गळ्यात अडकवलेल्या पुठ्ठ्यावर मोठ्या आकड्यांत लिहिलेली. बोललेली किंमत घासाघीस मागते, लिहिलेली किंमत वाचून माणूस मनात आपला निर्णय करतो. वाक्य संपता संपता बाई बाटली हातात देतात. टेबलावर ठेवत नाहीत. हातातली बाटली परत ठेवायची तर त्यासाठी वेगळी कृती करावी लागते.

बोललेल्या शब्दांइतकेच न बोललेले शब्दही या रचनेचे आहेत. पित्तावर चांगलं, वजन उतरतं, कोलेस्टेरॉल जातं, असे दावे त्या मैदानावर कोकमाच्या नावाने सर्रास होत होते. रातांब्याच्या सालीत हायड्रॉक्सिसिट्रिक आम्ल असतं आणि त्याच्या वजन घटवण्याच्या गुणाचा जगभर गाजावाजा झाला, पण माणसांवरच्या चाचण्यांत ठाम पुरावा मिळालेला नाही. बाई या वाटेला जातच नाहीत. त्या स्वयंपाकातली वस्तू स्वयंपाकासाठी विकतात. गावाचं नाव, व्यवसायाचं नाव, परवाना क्रमांक लेबलवर आहेत, ज्याला हवं त्याने वाचावं. आपल्या कष्टांची कहाणीही त्या सांगत नाहीत, जी सांगितली असती तर कदाचित काही बाटल्या दयेपोटी गेल्या असत्या. त्यांना त्या चवीपोटी जायला हव्या आहेत.

पाठ केलेलं बोलणं आणि साधलेलं बोलणं यांतला फरक अडचणीच्या वेळी दिसतो. एक गृहस्थ थांबले आणि पहिल्याच प्रश्नाला म्हणाले, ‘घरी कोण करतंय! हॉटेलात पितो आम्ही.’ बाईंनी क्षणाचाही वेळ न घेता एक वाक्य बदललं: ‘मग हॉटेलातली गुलाबी असते ना, दादा? आमची फिकी होते.’ गृहस्थ खरोखरच चक्रावले. ‘फिकी का?’ आणि तिथून गाडी पुन्हा ‘रातांबा नि मीठ’वर. नारळाच्या दुधात आगळ पडलं की हलकासा, मळकट म्हणावा असा गुलाबी रंग येतो. बीट किंवा खायचा रंग घातल्याशिवाय तो झगझगीत होत नाही. आपल्या मालाचं उणं वाटेल असं काहीतरी आपणच पुढे करायचं आणि त्यालाच खरेपणाची खूण बनवायचं, हे बाईंना जागच्या जागी सुचलं.

दुसरा प्रसंग एका आजींचा. थेंब चाखून त्या म्हणाल्या, ‘खारट आहे गं. मला रक्तदाबामुळे मीठ कमी सांगितलंय.’ बाईंनी बाटली हळूच परत घेतली. ‘मग हे नको, आजी. बिनमिठाची सोलं आहेत, ती भिजत घाला.’ एवढं म्हणून पाकीट काढून दिलं. आगळाची विक्री गेली, सोलांची झाली. पण सोलं नसती तरी त्यांनी आगळ दिलं नसतं, असं त्यांच्या बाटली काढून घेण्याच्या पद्धतीवरून मला ठामपणे वाटतं.

या बोलण्याला मर्यादा आहेत, त्याही सांगायला हव्यात. रविवारी संध्याकाळी लोक घोळक्याने येतात तेव्हा हे चालत नाही. एका हाताला थेंब देईपर्यंत मागचे तिघं ढकलत पुढे जातात, आणि विरामाची ती तीन सेकंदं गोंगाटात बुडतात. तेव्हा बाई रचनाच सोडून देतात, फक्त ‘आगळ, सोलकढीचं!’ एवढं म्हणतात आणि ज्याला माहीत आहे तो घेतो. आणि ज्यांनी आयुष्यात सोलकढी चाखलेलीच नाही अशांना पहिला प्रश्नच लागू होत नाही. नागपूरकडचं एक कुटुंब थांबलं होतं, त्यांना चौतीसपैकी एकही शब्द उपयोगाचा नव्हता. बाईंनी त्यांना हसून फक्त सोलं दाखवली, ‘चिंचेऐवजी आमटीत घाला’ म्हणाल्या. एकाच साच्यातून सगळ्यांना काढायचा हट्ट नाही, हेही जाणकारीचंच लक्षण.

एक गोष्ट मला सुरुवातीला कमतरता वाटली होती. वर्षभर टिकायला बाटलीत ओला चमचा जाता कामा नये, हे पंधरा सेकंदांत कुठेच येत नाही. पण त्या सूचनेची जागा ठरलेली आहे. पैसे दिले, बाटली पिशवीत गेली, गिऱ्हाईक वळलं, की मागून आवाज येतो: ‘ताई, चमचा कोरडा हं!’ व्यवहार संपल्यावर सांगितलेली गोष्ट विकण्यासाठी सांगितलेली नसते. ती घरी जाईपर्यंत लक्षात राहते. मी एक बाटली घेऊन निघालो तेव्हा मलाही ‘दादा’ म्हणून तीच सूचना मिळाली.

वाचकांना एवढंच सांगणं आहे. आगळ कुठेही घ्या, आधी बाटलीच्या लेबलवरची घटकांची ओळ वाचा. तिथे रातांबा किंवा कोकम आणि मीठ एवढंच असेल तर बाटली घ्या. साखर किंवा रंग दिसला तर ते सोलकढीचं आगळ नव्हे. बाटली जागेवर ठेवा आणि पुढच्या स्टॉलवर जा.